लेहमध्ये डाळ का शिजत नाही: उकळत्या पाण्याचं आणि कुकरच्या शिट्टीचं गणित

लडाखला पहिल्यांदा जाणारे पुण्या-मुंबईचे ट्रेकर सामानात थर्मल, गोळ्या, सनस्क्रीन सगळं भरतात आणि स्वयंपाकासाठी एक पातेलं घेतात. "डाळ-भात तर करायचाय, त्याला काय लागतं?" आमचाही पहिला गट असाच गेला होता. लेहच्या बाहेर तंबू टाकला, स्टोव्हवर तूरडाळ चढवली. पाणी खळाखळा उकळत होतं. तासाभराने डाळ चमच्यात घेऊन दाबली, तर दाणा आतून करकरीत. मग एकाने स्टोव्हला आणखी पंप मारला. पाणी आणखी जोरात उसळलं, निम्मं आटलं, आणि डाळ होती तिथेच राहिली. शेवटी शेजारच्या घरातल्या आजींनी आपला कुकर आणून दिला. तिथल्या चुलीवर कुकर जवळजवळ कायमचाच बसलेला असतो, हे नंतर लक्षात आलं.

पाणी उकळत होतं, तरी डाळ शिजत नव्हती. या दोन गोष्टी एकत्र कशा खऱ्या असतात, हे समजलं की डोंगरावरच्या स्वयंपाकाचं बाकी सगळं आपोआप सुटतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिली पायरी: पाणी थंड असतानाच उकळून पाहा

औषधाच्या दुकानातून 20 मिलीची सिरिंज आणा, सुई नको. प्यायला कडकडीत वाटेल इतपत गरम पाणी, म्हणजे साधारण 60 अंशांचं, हात भाजणार नाही याची काळजी घेऊन त्यात चौथाई भरा. टोक वर करून आतली हवा काढून टाका, टोकावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. पाण्यात बुडबुडे उठतील. दट्ट्या सोडला की बुडबुडे गायब होतील. पहिल्या एक-दोन ओढींत पाण्यात विरघळलेली हवाही बाहेर येते, म्हणून तीन-चार वेळा करा. नंतर जे उठतात ते वाफेचे बुडबुडे असतात.

म्हणजे पाणी गॅसवर न ठेवता उकळलं. आपण फक्त त्याच्यावरचा दाब काढून घेतला.

पाण्याचे कण सतत वाफ होऊन निसटायला बघत असतात, आणि पाणी जितकं गरम, तितका त्यांचा रेटा जास्त. पाण्याच्या पोटात बुडबुडा तयार होण्यासाठी वाफेचा हा रेटा बाहेरून दाबणाऱ्या हवेएवढा व्हावा लागतो. नाहीतर हवा तो बुडबुडा जन्मतःच चिरडते. समुद्रकाठी हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे 1.03 किलो असतो आणि पाण्याचा रेटा तिथवर पोचायला 100 अंश लागतात. रत्नागिरीत पाणी 100ला उकळतं त्याचं कारण एवढंच. 100 हा काही पाण्याचा जन्मजात आकडा नाही.

डोंगरावर चढलो की डोक्यावरच्या हवेचा थर कमी होतो, दाब उतरतो. लेह साधारण 3500 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब चौरस सेंटीमीटरला जेमतेम 0.67 किलो. पाण्याचा रेटा 88 अंशांनाच तेवढा होतो, आणि पाणी उकळायला लागतं.

आता आमच्या स्टोव्हचं बघा. एकदा उकळी फुटली की पुढची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, पाणी तापवण्यात नाही. आच दुप्पट केली तर वाफ दुप्पट वेगाने निघते, रॉकेल दुप्पट जळतं, पण पाणी 88च्या वर अर्धा अंशही सरकत नाही. खळखळाट म्हणजे उष्णता नव्हे. मीठ घालून उकळबिंदू वाढवायचा सल्लाही हमखास मिळतो. लिटरभर पाण्यात चमचाभर मिठाने जेमतेम एक दशांश अंश वाढतो. चवीला घाला, त्या कामासाठी नको.

दुसरी पायरी: आपल्या जागेचा आकडा काढा

ढोबळ नियम सोपा आहे: दर 300 मीटर चढाईला उकळबिंदू एक अंशाने उतरतो. पुणे 560 मीटर, म्हणजे 98 अंश. कळसूबाईचा माथा 1646 मीटर, म्हणजे साडेचौऱ्याण्णव. लेह 88. त्सो मोरिरी तलावाकाठचं कारझोक गाव साडेचार हजार मीटरच्या आसपास, म्हणजे 85. हवा कशी आहे त्यावर आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण स्वयंपाकाला एवढी अचूकता पुरते.

थर्मामीटरने स्वतः मोजायचं असेल तर 110 अंशांपर्यंतचा घ्या (तापाचा थर्मामीटर फुटेल), आणि त्याची टोकाची गोळी पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नका. तळ पाण्यापेक्षा जास्त गरम असतो. पाण्यापेक्षा त्यावरच्या वाफेत धरला तर आकडा जास्त भरवशाचा मिळतो.

हाच नियम उलटा वापरून एकेकाळी उंची मोजत असत. 1865-66 मध्ये नैनसिंह रावत वेश बदलून ल्हासाला गेले. भारतीय सर्वेक्षण खात्याने त्यांना जपमाळेच्या मण्यांवर पावलं मोजायला शिकवलं होतं, आणि उंचीसाठी त्यांच्याकडे थर्मामीटर होता. मुक्कामाला पाणी उकळायचं, पारा किती ते गुपचूप नोंदवायचं. बघणाऱ्याला वाटे, यात्रेकरू चहा करतोय.

तिसरी पायरी: कशाला कुकर लागतो आणि कशाला नाही

सगळंच अडत नाही. तांदळातला स्टार्च साधारण 65 ते 75 अंशांमध्ये पाणी पिऊन फुगतो. लेहचं 88 अंशांचं पाणी त्याच्या बरंच वर आहे. म्हणून तिथे उघड्या पातेल्यात भात होतो, वेळ आणि पाणी थोडं जास्त लागतं एवढंच. पाकिटातल्या नूडल्स होतात. अंड्यांनाही काही मिनिटं जास्त लागतात, पण ती उकडतात.

डाळी, राजमा, हरभरा आणि बटाटे यांचं दुखणं वेगळं आहे. त्यांच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने जोडलेल्या असतात. हे पेक्टिन सुटल्याशिवाय डाळ गळत नाही, बटाटा मऊ होत नाही. ते 90 अंशांच्या खाली फार आळशीपणे सुटतं. म्हणून लेहमध्ये डाळीचा दाणा आत शिजलेला असतो, पण चावताना करकर लागते. 1835 साली अँडीज ओलांडताना चार्ल्स डार्विनच्या मुक्कामात रात्रभर उकळलेले बटाटे सकाळी तसेच कडक निघाले होते. सोबतच्या माणसांनी दोष नव्या भांड्याला दिला.

वेळेचा अंदाज घ्यायला ढोबळमानाने असं धरा: तापमान 10 अंश उतरलं की शिजायला दुप्पट वेळ. पुण्यात उघड्या पातेल्यात 45 मिनिटांत शिजणाऱ्या डाळीला लेहमध्ये दीड तास लागेल. कारझोकला त्याहून जास्त, आणि तेवढं इंधन पाठीवर कोण वाहणार?

चौथी पायरी: शिट्टी काय करते ते समजून घ्या

कुकर म्हणजे उलटी सिरिंज. वाफ बाहेर जाऊ दिली नाही की ती पाण्यावर बसते, दाब वाढतो, आणि पाण्याला उकळायला जास्त तापावं लागतं. पण वाफ पूर्ण कोंडली तर भांडं फुटेल. म्हणून ती किती कोंडायची हे ठरवणारी वस्तू हवी, आणि ती म्हणजे नळीवर बसवलेलं वजन, ज्याला आपण घरात शिट्टी म्हणतो.

वजनाचा हिशोब हातावर करता येतो. नळीचं भोक 3 मिलिमीटर व्यासाचं धरू. त्याचं क्षेत्रफळ साधारण 7 चौरस मिलिमीटर, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरचा चौदावा हिस्सा. त्यावर 70 ग्रॅमचं वजन ठेवलं की ते उचलायला वाफेला चौरस सेंटीमीटरला सुमारे 1 किलो जोर लावावा लागतो. आपल्याकडचे बहुतेक कुकर याच दाबाचे असतात. कुकरवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात `1 kg/cm²` असा आकडा सापडेल.

इथे एक गोष्ट नवख्यांच्या हमखास निसटते. वजनाला वरून बाहेरची हवाही दाबत असते. म्हणजे शिट्टी उडते तेव्हा आतला दाब 1 किलो नसतो, तर बाहेरच्या हवेपेक्षा 1 किलोने जास्त असतो. शिट्टी ठरवते तो फरक. बाहेरची हवा विरळ असली की आतला एकूण दाबही तेवढाच कमी पडतो.

रत्नागिरीत 1.03 अधिक 1, मिळून 2.03 किलो. एवढ्या दाबाखाली पाणी 120 अंशांना उकळतं. पुण्यात मिळून 1.97, म्हणजे 119 अंश. लेहमध्ये 0.67 अधिक 1, मिळून 1.67, म्हणजे 114 अंश. कारझोकला 112.5 अंशांच्या आसपास. "कुकर लावला की उंचीचा प्रश्न संपला" असं लोक म्हणतात ते पूर्ण खरं नाही. कुकर लेहमध्ये पुण्यासारखं तापमान देत नाही. पण 88वरून 114वर नेतो, आणि ते पुण्यातल्या उघड्या पातेल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. पातेल्यात रत्नागिरी आणि लेह यांच्यात 12 अंशांचं अंतर होतं. कुकरमध्ये ते 6वर आलं. हवेतला फरक तर तेवढाच आहे! कारण पाणी जितकं तापत जातं, तितका पुढच्या प्रत्येक अंशाला वाफेचा रेटा जास्त वाढतो. वरच्या पट्ट्यात तेवढाच दाब कमी झाला, तर तापमान निम्म्यानेच घसरतं.

पाचवी पायरी: लेहमधली डाळ, प्रत्यक्ष

चार माणसांची डाळ करू. एक वाटी तूरडाळ धुऊन अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. तिथे ही चैन नाही, गरज आहे. भिजलेल्या दाण्यात उष्णता आणि पाणी दोन्ही लवकर शिरतात. डाळीत अडीच वाट्या पाणी, हळद आणि चमचाभर तेल घाला. तेलाने फेस कमी होतो, आणि फेस नळीत चढून ती बुजवणं हा डाळीचा जुना उद्योग आहे. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. चिंच-आमसूल आत्ता नको. आंबटपणाने पेक्टिन आणखी हट्टाने धरून बसतं.

झाकण लावण्याआधी नळीतून उजेडाकडे बघा, आरपार दिसायला हवं. झाकण लावा, पण शिट्टी लगेच ठेवू नका. आच मोठी ठेवून नळीतून वाफेची सलग धार यायची वाट पाहा, मग शिट्टी ठेवा. घरी हे आपण विसरतो, तरी त्याला कारण आहे. सुरुवातीला आत हवा असते. ती अडकली तर आतल्या दाबात हवेचाही वाटा असतो आणि वाफेचा वाटा कमी पडतो. शिट्टी वेळेवर उडते, आतलं तापमान मात्र पुरेसं चढलेलं नसतं. शिट्टी झाली तरी डाळ कच्ची, या तक्रारीमागे कित्येकदा हेच असतं.

पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि घड्याळ लावा. "तीन शिट्ट्या" हे माप डोंगरावर विसरा. शिट्टी ही वेळेची एकक नाही. आच मोठी असेल तर तीन शिट्ट्या दोन मिनिटांत होतात, बारीक असेल तर दहा. शिट्टी सारखी उडते तेव्हा तापमान वाढत नाही, फक्त वाफ आणि गॅस वाया जातो. बारीक आचेवर शिट्टी नुसती हलकी फुसफुसत राहिली तर आत दाब पूर्ण आहे असं समजा.

घरी पहिल्या शिट्टीनंतर 10 मिनिटांत तुमची डाळ होत असेल, तर पुण्याच्या 119वरून लेहच्या 114वर आल्यावर दहाचे चौदा होतात. 15 मिनिटं द्या. डाळ जुनी असेल तर आणखी पाच. राजमा आणि हरभरा रात्रभर भिजवलेलाच घ्या आणि घरच्या वेळेला दीडने गुणा.

काय बिघडतं आणि ते कसं ओळखायचं

झाकणाच्या कडेने वाफ निघत असेल आणि शिट्टी येतच नसेल, तर रबरी रिंग बघा. लडाखच्या थंडीत रात्रभर बाहेर राहिलेली रिंग कडक होते आणि नीट बसत नाही. कोमट पाण्यात बुडवून परत बसवा. तडे दिसत असतील तर बदला. आच मोठी आहे, नळीतून काहीच येत नाही आणि शिट्टीही हलत नाही, अशी शांतता असेल तर ती वाईट खूण आहे. नळी बुजलेली असू शकते. आच बंद करा, दूर व्हा, थंड होऊ द्या. अशा वेळी वाचवायला झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्यातला मिश्रधातू ठरावीक उष्णतेला वितळून वाफेला वाट देतो. तो एकदा उडाला की त्याच मापाचा नवा बसवायचा. खिळा ठोकून किंवा एम-सील लावून चालत नाही.

लेहला आकडे कळल्यावर काहींना युक्ती सुचते: शिट्टीवर दगड ठेवून हरवलेले 6 अंश परत मिळवू. हे कधीच करू नका. आतून दाबाने बंद होणाऱ्या झाकणाचा व्यास 20 सेंटीमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ 314 चौरस सेंटीमीटर होतं. म्हणजे नेहमीच्या दाबालाही त्या झाकणावर तीन क्विंटलपेक्षा जास्त जोर असतो. भांडं त्यासाठी बनवलेलं आहे, त्याच्या दुपटीसाठी नाही.

झाकण उघडण्याची घाई का करू नये, त्याचंही गणित सोपं आहे. पुण्यात कुकरमध्ये 2 लिटर पाणी 119 अंशांवर आहे. झाकण अचानक निघालं तर त्याला 98वर यावं लागेल. जास्तीच्या 21 अंशांची उष्णता जागच्या जागी सुमारे 80 ग्रॅम पाण्याची वाफ करते. ऐकायला थोडं वाटतं, पण ती वाफ सव्वाशे लिटरच्या वर जागा घेते, आणि सोबत उकळती डाळ घेऊन बाहेर येते. लेहमध्ये 114वरून 88वर यायचं असतं, म्हणजे 26 अंश. तापमान कमी असूनही उसळी जास्त! तेव्हा तिथे दाब आपोआप उतरू द्या. शिट्टी हलक्या हाताने उचलून बघा, अजिबात फुसफुस नसेल तरच झाकण काढा.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न इथेच विचारला जातो: 88 अंशांत जंतू मरतात का? मरतात, फक्त थोडा वेळ द्यावा लागतो. सपाटीवर खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं, 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं उकळू द्या. गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळा.

राहिली फोडणी. ती लेहमध्ये अगदी घरच्यासारखी होते. तेल उकळत नाही, नुसतं तापतं, आणि किती तापायचं ते हवेवर नाही, आचेवर ठरतं. मोहरी तडतडेल, हिंगाचा वास तंबूभर पसरेल. फोडणी डाळीवर ओतली की मग आमसूल घाला, आणि ताटं लगेच वाढा. 88च्या वर न जाणारं वरण तिथल्या वाऱ्यात पाच मिनिटांत गार होतं.